रबराच्या घडीत राहिलेले पाणी

१. एक रास्त प्रश्न

समोरून दार उघडणारे वॉशिंग मशीन ज्यांच्या घरी चार-सहा वर्षे नांदले आहे, त्यांच्या मनात केव्हा ना केव्हा एक प्रश्न येऊन गेलेला असतो, आणि तो सर्वथा रास्त आहे: जे यंत्र दिवसाआड साबणाच्या पाण्याने घुसळून निघते आणि वर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने विसळले जाते, त्याचेच दार उघडताच बंद तळघरासारखा कुबट वास का यावा?

गेल्या वर्षी आषाढात मी ठाण्याला मावशीकडे चार दिवस मुक्कामाला होतो, तेव्हा हाच प्रश्न तिने मला विचारला. निमित्त झाले टॉवेलाचे. कोरडा असताना त्याला काही वास नव्हता. पण अंघोळीनंतर अंग पुसायला घेतला आणि तो ओला झाला, की त्यातून पावसात भिजलेल्या मोज्यांसारखा वास सुटे. "अरे, कालच धुतलाय तो," मावशी कष्टी होऊन म्हणाली. "आधी वाटलं पावडर कमी पडते, म्हणून ती वाढवली. मग ते सुगंधी पाणी घालायला लागले. तरी वास आपला वाढतोच आहे." दुरुस्तीच्या माणसाला बोलावून झाले होते, त्याने दाराचे रबर, म्हणजे ज्यास तो गॅस्केट म्हणत होता ते, बदलावे लागेल असा निकाल देऊन खर्चाचा आकडाही कागदावर लिहून ठेवला होता.

पावडर वाढवली आणि वास वाढला, या दोन गोष्टी मावशीच्या दृष्टीने एकमेकींच्या विरुद्ध होत्या. वस्तुतः पहिलीचा परिणाम दुसरी होती, आणि हे कसे घडते ते समजण्यासाठी प्रथम यंत्राच्या पोटात डोकावले पाहिजे.

२. घडी तेथे का आहे

दार उघडल्यावर आपल्याला जे भोकाभोकांचे पोलादी पिंप दिसते, ज्यात आपण कपडे टाकतो, ते एकटे नसते. त्याच्या बाहेरून दुसरे, भोके नसलेले पिंप असते. पाणी साठते ते त्या बाहेरच्या पिंपात, आणि आतले पिंप त्या पाण्यात फिरते. बाहेरचे पिंप यंत्राच्या पेटीला घट्ट जखडलेले नसते. कपडे पिळताना आतले पिंप मिनिटाला हजाराच्याही वर फेरे घेऊ शकते, आणि त्या वेळी बसणारे हिसके सोसता यावेत म्हणून ते वरून स्प्रिंगांना टांगलेले व खालून दांड्यांनी आवरलेले असते. म्हणजे पिंप हलते, पण पेटी आणि तिला लावलेले दार मात्र जागच्या जागी राहते. या हलत्या आणि स्थिर भागांच्या मध्ये, पाण्याचा थेंबही बाहेर पडणार नाही असा पूल बांधायचा, तर तो लवचिक असला पाहिजे. आणि रबर लवचिक असले तरी सरळ पट्टी एवढी ताणली जात नाही, म्हणून हार्मोनियमच्या भात्याला जशा घड्या असतात तशा घड्या या रबराला घालाव्या लागतात. तेव्हा घडी ही रचनेतली कसूर नव्हे. तिच्यावाचून यंत्र चालणारच नाही.

परंतु घडी म्हटली की तिच्या तळाशी पाणी राहणार, हे नऊवारीच्या निऱ्या भिजवून वाळत घालणाऱ्या कोणासही सांगावे लागत नाही. घडीत साचलेले पाणी पिंपात परत जावे म्हणून रबराच्या अगदी खालच्या भागात, घड्याळातील सहाच्या जागी, बहुधा दोन-तीन बारीक छिद्रे ठेवलेली असतात. कपड्यांतून सुटलेली लव, केस आणि साबणाचा साका यांचा बोळा त्या छिद्रांत बसला, की घडीचे डबके होते. दार घट्ट बंद होत असल्यामुळे तेथे वारा जात नाही. वरून झाकण असलेल्या यंत्रात असे रबर नसते आणि झाकणही हवाबंद नसते, म्हणून ही तक्रार तेथे तुलनेने कमी आढळते.

दुसरी एक जागा डोळ्यांना दिसत नाही. समोरून उघडणारे यंत्र पाणी बेताने वापरते. बाहेरच्या पिंपाच्या तळाशी थोडेसे पाणी घेऊन, त्यात कपडे वर उचलून खाली आपटत ते धुणे करते. पाणी तळाशीच राहते, पण फेस मात्र वरपर्यंत चढतो. फेसाबरोबर साबण, मळ आणि तेलकटपणा बाहेरच्या पिंपाच्या वरच्या व मागच्या भागाला जाऊन चिकटतो, आणि विसळण्याचे पाणी तेथवर पुरेसे पोचत नसल्यामुळे तो तेथेच वाळतो. पुढच्या धुण्यात त्यावर आणखी एक पातळ थर बसतो. पावडर जितकी अधिक, तितका फेस अधिक आणि तितका हा थर जाड. मावशीच्या कोड्याचे अर्धे उत्तर येथेच आहे.

३. वास नेमका कशाचा

उरलेले अर्धे उत्तर असे, की ओल आणि खाद्य जेथे एकत्र नांदतात तेथे सूक्ष्मजंतू वस्ती करतात. अंगाचा घाम, कातडीचे बारीक कण, कपड्यांची खळ, साबणातील स्निग्ध अंश आणि सुगंधी मऊकारक द्रवाचा मेणचट थर हे सर्व त्यांचे अन्न होय. प्रथम काही जंतू पृष्ठभागाला चिकटतात, मग स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात, आणि त्या आवरणाखाली पुढच्या पिढ्या सुरक्षित वाढतात. शास्त्रज्ञ यास जैवपटल म्हणतात. पाण्याच्या जुन्या टाकीच्या भिंतीला हात लावला असता जी बुळबुळ बोटांना लागते, ती हीच. नुसत्या पाण्याच्या लोटाने ती जात नाही, घासल्यावर जाते.

धुणे थंड किंवा कोमट पाण्यात करण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे, आणि तीस-चाळीस अंशांचे पाणी या जंतूंना मारत तर नाहीच, उलट सुखावह वाटते. घडीत राहिलेले ते चमचाभर पाणी पुढच्या धुण्याला विरजणासारखे लागते. नव्या कपड्यांवर जंतूंचा शिडकावा होतो आणि कपडे दोरीवर सावकाश वाळत असताना, विशेषतः पावसाळ्यात, ते वाढतात. ओल्या धुण्याला येणाऱ्या या वासाचा माग जपानी संशोधकांनी लावला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. मोराक्सेला ओस्लोएन्सिस या जातीचा जंतू एक आम्ल तयार करतो व त्याचा दर्प अल्प मात्रेतही नाकाला जाणवतो, असे त्यांना आढळले. हा जंतू वाळल्याने सहजी मरत नाही. म्हणूनच मावशीचा टॉवेल कोरडा असता निरुपद्रवी वाटे आणि ओला होताच बोलू लागे.

रबरावर दिसणारे काळे ठिपके हे बहुतांशी बुरशीचे. ते दिसायला भयंकर असले तरी वासाचा मुख्य उगम पुष्कळदा ते नसून घडीच्या आत, न दिसणाऱ्या बाजूला साचलेला करडा साका असतो; हा भेद पुढे कामी येणार आहे.

एवढे समजले, की सुगंधी द्रव वाढवणे का फसते ते सांगावे लागत नाही. तो वास झाकतो आणि वासाच्या उत्पादकांना खाऊ घालतो.

४. आधी तपास

साफसफाईला हात घालण्यापूर्वी वास कोठून येतो याची खातरजमा करावी, कारण सर्वच वास यंत्राचे नसतात. मशीन रात्रभर दार लावून ठेवावे आणि सकाळी दार उघडताच प्रथम पिंपात, मग रबराची खालची घडी बोटाने पुढे ओढून तिच्यात, मग साबणाचा खण बाहेर काढून त्याच्या पोकळीत, आणि अखेरीस यंत्राच्या सांडपाण्याची नळी ज्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेली असते तेथे वास घेऊन पाहावा. कुबट, दमट वास पहिल्या तीन ठिकाणांचा असतो. गटारासारखा, सडक्या अंड्याची आठवण करून देणारा वास बहुधा चौथ्या ठिकाणाहून येतो. नळी सांडपाण्याच्या पाइपात फार खोल खुपसलेली असली किंवा ट्रॅपमधले पाणी आटलेले असले, तर गटाराची हवा नळीवाटे वर चढते. अशा वेळी रबर कितीही घासले तरी उपयोग व्हायचा नाही.

दुसरी चाचणी मला फार उपयुक्त वाटते, आणि तिला काहीच खर्च नाही. पिंप रिकामे ठेवून, खणात पावडरीचा कणही न घालता, एक साधी फेरी लावावी आणि दहा मिनिटांनी काचेतून पाहावे. स्वच्छ यंत्रात नितळ पाणी फिरताना दिसते. मावशीच्या यंत्रात काचेच्या निम्म्यापर्यंत फेस आला. "अग बाई, पावडर तर घातलीच नाही!" ती म्हणाली. तो फेस मागच्या कित्येक महिन्यांच्या पावडरीचा होता. यंत्राच्या पोटात किती साबण तुंबून राहिला आहे याचा याहून उघड दाखला मिळणे कठीण.

५. गॅस्केटची सफाई

प्रथम यंत्राचा प्लग काढावा आणि हातात रबरी मोजे चढवावेत. सामग्री थोडीच लागते: एका तांब्यात कोमट पाणी आणि त्यात चमचाभर भांडी घासण्याचा द्रव साबण, मऊ केसांचा जुना दातब्रश, कान साफ करायच्या दोन-चार कापूसकाड्या, आणि जुन्या सुती धोतराची किंवा बनियनची चार पांढरी फडकी. फडके पांढरेच असावे, कारण त्यावर काय निघाले ते दिसते.

रबराची आतली ओठासारखी कड दोन बोटांनी धरून आपल्याकडे ओढावी म्हणजे घडी उघडते. बळ लावू नये. रबर पेटीला ज्या तारेच्या कड्याने बसवलेले असते ते निसटले तर पुढच्या धुण्यात दारातून पाणी गळेल, आणि ते कडे परत बसवणे अनुभवाशिवाय अवघड असते. घडी वरच्या बाजूपासून सुरू करून दोन्ही बाजूंनी खाली उतरावे. म्हणजे सुटलेला मळ सहाच्या जागी जमा होतो आणि तेथून एकदम उचलता येतो. मावशीच्या यंत्रातून त्या जागी एक रुपयाचे नाणे, केसांची पिन, कोणा बाळाच्या मोज्याचा लोकरी गोंडा आणि बोटभर जाडीचा करडा साका निघाला. त्या साक्याला जो वास होता तोच टॉवेलाला होता. ओळख पटवायला साक्षीदाराची गरज नव्हती.

टणक वस्तू काढून झाल्या, की कोरड्या फडक्याने साका आधी पुसून घ्यावा. लोक येथे घाई करतात आणि थेट औषध ओततात. पण जैवपटलाचे आवरण असेपर्यंत औषध खालच्या थरापर्यंत पोचत नाही, तेव्हा आधी घासणे आणि मग औषध हाच क्रम ठेवावा. साबणाचे पाणी लावून दातब्रशाने घडीचा तळ, रबराची मागची बाजू आणि काचेला टेकणारी कड घासावी. मग खालची छिद्रे शोधावीत. साक्याने बुजलेली असल्यास ती दिसतही नाहीत. बोट फिरवल्यावर खळगा लागतो. कापूसकाडीने ती मोकळी करावीत. सुई किंवा तार घालू नये, कारण रबराला पडलेली चीर वाढत जाते. मोकळी झाली की नाही हे पाहण्यासाठी घडीत फुलपात्रभर पाणी ओतावे. ते पाहता पाहता पिंपात उतरून गेले पाहिजे. मावशीकडे प्रथम ते तसेच उभे राहिले. दुसऱ्यांदा छिद्रे साफ केल्यावर उतरले.

आता काळे ठिपके. त्यांवर क्लोरीनचे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे जे द्रव बाजारात मिळते ते, लिटरभर थंड पाण्यात साधारण पन्नास मिलिलिटर या प्रमाणात मिसळून वापरावे. फडक्याच्या लांब पट्ट्या त्यात भिजवून, हलक्या पिळून घडीत दडपून ठेवाव्यात, पंधरा-वीस मिनिटांनी काढाव्यात, आणि साध्या पाण्याच्या फडक्याने रबर दोन-तीनदा पुसून शेवटी कोरडे करावे. खिडकी उघडी असावी. द्रव तसेच, पाणी न घालता लावल्यास रबर कालांतराने कडक होते.

येथे एक इशारा मी अत्यंत गांभीर्याने देतो. हे ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा संडास साफ करायचे आम्ल ही एकमेकांत कधीही मिसळू नयेत, एका पाठोपाठ एक त्याच जागी लावू नयेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. ब्लीच लावल्यानंतर यंत्राची एक रिकामी, साध्या पाण्याची फेरी होऊ द्यावी, आणि त्यानंतरच दुसरे काही घालावे.

ठिपके सर्वच जातील अशी अपेक्षा धरू नये. बुरशी रबराच्या पृष्ठाखाली शिरली, की तिचा रंग तेथेच राहतो. कोरड्या पांढऱ्या फडक्याने तो ठिपका जोराने पुसावा. फडके स्वच्छ राहिले तर तो केवळ डाग होय.

६. खण आणि गाळणी

साबणाचा खण बाहेर ओढून, मध्यभागी असलेली खूण दाबली म्हणजे तो संपूर्ण हाती येतो. मऊकारक द्रवाच्या कप्प्यावरची टोपी उचलून तिच्याखालची नळी घासावी, आणि खण जेथे बसतो त्या पोकळीचे छत ब्रशाने पुसावे. पाणी तेथून खाली पडते आणि काळी बुरशी तेथेच लपते.

यंत्राच्या समोरच्या बाजूला खाली एका छोट्या झाकणामागे पंपाची गाळणी असते. ती उघडायच्या वेळी यंत्रातले पाणी थंड झालेले असले पाहिजे. झाकणामागे लहान नळी असल्यास तिचे बूच काढून पाणी परातीत सोडावे, नसल्यास गाळणी सावकाश, थोडी थोडी उलटी फिरवून पाणी फडक्यावर घ्यावे. एक-दोन लिटर पाणी सहज निघते, आणि मावशीकडे त्या पाण्याला डबक्याचा वास होता. गाळणी धुऊन घट्ट बसवल्यावर पिंपात लिटरभर पाणी ओतून खाली गळती नाही ना ते पाहावे. हे काम दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरते.

७. गरम पाण्याची रिकामी फेरी

हात पोचतो तेथे ब्रश चालतो. बाहेरच्या पिंपाच्या मागे मात्र पाणी आणि उष्णता यांनाच पाठवावे लागते. त्यासाठी मी सोडियम परकार्बोनेट पसंत करतो. बाजारात ते ऑक्सिजन ब्लीच या नावाने पांढऱ्या दाण्यांच्या रूपात मिळते. पाण्यात विरघळल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा वेगळे होतात. पहिला पदार्थ जंतूंवर व रंगावर आघात करतो आणि दुसरा तेलकट थर सुटा करतो. थंड पाण्यात ही क्रिया फार मंद चालते, म्हणून परकार्बोनेट घालून थंड फेरी लावणे म्हणजे पैसा सांडपाण्यात सोडणे होय. पाणी साठ अंशांचे तरी असावे.

शंभर ग्रॅम परकार्बोनेट थेट रिकाम्या पिंपात टाकावे, दुसरी पावडर घालू नये, आणि साठ किंवा नव्वद अंशांची सुती कपड्यांची लांब फेरी लावावी. यंत्रावर पिंप साफ करण्याची खास फेरी असेल तर तिचे मार्गदर्शन माहितीपुस्तकातून पाहून ती वापरावी. पाणी तापल्यावर शक्य असेल तर यंत्र तासभर थांबवून ठेवावे. थर भिजायला मुदत मिळते. मावशीच्या यंत्रात पहिल्या फेरीनंतर पिंपात आणि रबरावर काळपट कपटे पडलेले आढळले. ते पाहून ती घाबरली, पण ती शुभ खूण होती. थर सुटू लागला होता. कपटे पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच फेरी केली. तिसऱ्या दिवशी पावडरीविना केलेल्या चाचणीत काचेआड नितळ पाणी फिरत होते.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. दोन्ही मिसळताच जोराने फसफसतात, आणि त्या फसफसण्यात सामर्थ्य आहे असा समज होतो. परंतु आम्ल आणि अल्कली त्या क्षणी परस्परांना निष्प्रभ करीत असतात, आणि मागे उरते ते जवळजवळ खारट पाणी. लिंबूसत्त्वाला स्वतःचे एक स्थान आहे, पण ते वेगळ्या कामासाठी. जेथे बोअरिंगचे किंवा टँकरचे जड पाणी वापरले जाते तेथे तापणाऱ्या दांडीवर आणि पिंपावर चुन्याचा खरखरीत थर बसतो, आणि साबणाचा साका त्या खरखरीला धरून राहतो. तेथे वर्षातून एक-दोनदा शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व घालून साठ अंशांची स्वतंत्र फेरी करावी; परकार्बोनेटच्या दिवशी नव्हे.

८. वास परत येऊ नये म्हणून

मावशी प्रत्येक धुण्याला सपाट नव्हे, शिगोशीग भरलेली मोठी वाटीभर पावडर घालीत होती, आणि तीही बादलीत हाताने धुण्यासाठी केलेली. तशी पावडर मुद्दाम अधिक फेसाळ केलेली असते, कारण हाताने धुणारा फेसावरून अंदाज घेतो. समोरून उघडणाऱ्या यंत्राला कमी फेसाची, त्याच्यासाठीच केलेली पावडर लागते. शिवाय मुंबई-ठाण्याला नळाने येणारे पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा जलाशयांतले, म्हणजे पावसाचे साठवलेले, आणि म्हणून हलके असते. हलक्या पाण्यात साबण थोडक्यात फेसाळतो. पुड्यावर जड पाण्यासाठी आणि हलक्या पाण्यासाठी निरनिराळी मापे दिलेली असतील तर आपण लहान माप घ्यावे. माप बरोबर आहे की नाही हे ताडण्याची खूण सोपी आहे: धुणे चालू असता काचेच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा वर फेस दिसला, तर पुढच्या वेळी पावडर कमी करावी. मावशीची वाटी शेवटी दोन सपाट चमच्यांवर येऊन ठेपली, आणि कपडे पूर्वीइतकेच निघाले.

मऊकारक द्रव तिने बंद केले. टॉवेल, चादरी आणि आतले कपडे आठवड्यातून एकदा साठ अंशांवर धुण्याचा तिने नेम घातला. त्यामुळे कपड्यांतले बहुतेक जंतू तर मरतातच, पण यंत्रालाही आपसूक गरम पाणी मिळते. आणि धुणे काढून झाले, की एका फडक्याने काच व रबराची घडी पुसून ती दार वीतभर उघडे ठेवते. यास अर्धे मिनिट लागते. साबणाचा खणही उघडाच ठेवावा. धुतलेले कपडे यंत्रात रात्रभर पडू देऊ नयेत; श्रावणात तर दोन तासही पुष्कळ झाले.

ज्या घरात लहान मूल रांगत असेल किंवा मांजर वावरत असेल त्या घरी दार उघडे ठेवण्यास एक अट आहे. मुले किंवा मांजरे पिंपात शिरतात, आणि दार मागे लागले तर आतून उघडत नाही. तेथे न्हाणीघराची कडी लावून घ्यावी, किंवा दार फक्त देखरेख असेपर्यंत उघडे ठेवावे. आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी पिंपात हात घालून पाहावे.

९. इलाजाची हद्द

एवढे सर्व करूनही वास राहतो अशी उदाहरणे आहेत. दोन गरम फेऱ्यांनंतर पिंपाचा वास जावा. न गेल्यास बाहेर जाणारी घड्यांची नळी काढून तिच्यात पाहावे, कारण तिच्या आतल्या कड्यांत साका धरतो, आणि ती नवी घालणे फारसे खर्चाचे नाही. त्याहूनही पलीकडे, आतल्या पिंपाच्या पाठीला आधार देणारा तीन हातांचा धातूचा सांगाडा असतो. वर्षानुवर्षांचा चिखल त्याच्या कोपऱ्यांत बसल्यास पिंप उकलून तो घासावा लागतो, आणि काही यंत्रांत बाहेरचे पिंप जोड मारून कायमचे बंद केलेले असल्याने तेही शक्य नसते. हे काम घरी करू नये.

रबर बदलावे ते फाटले असेल, दारातून पाणी झिरपत असेल, किंवा हाताला चिकट व कडक लागत असेल तर. केवळ काळे पडले आहे म्हणून ते बदलणे हा अपव्यय आहे, कारण सवयी त्याच राहिल्या तर नवे रबरही काही महिन्यांत त्याच रंगाला येते. अमेरिकेत या यंत्रांच्या बुरशीबद्दल ग्राहकांनी उत्पादकांवर दावे लावले. त्यांपैकी ओहायोतील एक दावा २०१४ साली ज्यूरीपुढे चालला आणि निकाल उत्पादकाच्या बाजूने लागला. न्यायालयाचा फैसला काहीही असो, घडी पुसण्याचे काम ज्याच्या घरी यंत्र आहे त्याच्याकडेच राहते.

मावशीच्या गॅस्केटवर सातच्या जागी तीन काळे डाग अजून आहेत. नवे रबर तिने घेतले नाही. दुरुस्तीचा माणूस तुमच्या दारातही तोच आकडा लिहून देऊन गेला असेल, तर त्याला होकार देण्यापूर्वी एकदा घडी उघडून पांढरे फडके फिरवा, फुलपात्रभर पाणी ओतून ते उतरते का पाहा, आणि रिकामी फेरी लावून काचेआड फेस येतो का ते बघा.